धनाजीची चिठ्ठी

भोरच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक आमच्याकडून प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या एका कंपनीनं परत पाठवलं. त्यातून काही कळत नाही म्हणे! मी सुधारायला बसलो. 'व्यक्तिमत्त्व विकास' खोडून लिहिलं, 'शिफ्ट बदलताना काम न चुकता सोपवता येईल.' कुणासाठी? नव्या सुपरवायझरांसाठी. दोन दिवसांचं तासवार वेळापत्रकही टाकलं.

उरला प्रशिक्षकांचा परिचय. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या किकवीच्या धनाजीनं स्वतःच्या परिचयाची चिठ्ठी दिली होती. 'बारा वर्षं कारखान्यात सुपरवायझर.' एवढ्यानंच माझ्या पोटात दुखलं. चिठ्ठी खणात कोंबली आणि स्वतःचं तेवढं छापलं: 'अल्ताफ, सुप्रसिद्ध वक्ते.'

कंपनीचा फोन आला. "बाकी उत्तम. पण हे वक्ते कधी कारखान्यात राबलेत का?"

झक मारत चिठ्ठी काढून वाचू लागलो. खाली आणखी एक ओळ होती.

'चारचौघांत बोलायला मला अल्ताफभाईंनी शिकवलं. त्यांचं नाव आधी टाका.'