अर्धा इंच कफ

वडील गेले आणि शिंप्याच्या दुकानात मधोमध फळ्यांची भिंत आली. थोरला भाऊ अलीकडे कोट शिवायचा, धाकटा पलीकडे शर्ट. दोघांत अबोला. बहिणीने मात्र मुलाच्या लग्नाचं काम दोघांनाही दिलं. त्या निमित्ताने तरी बोलतील, ही वेडी आशा.

धाकट्याने भाच्याचा हात कोपरात किंचित वाकवून, मानेमागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटाखालपर्यंत टेप धरली. थोरल्याने हात सैल सोडायला लावून खांद्याच्या शिवणीपासून मनगटाच्या हाडापर्यंत माप घेतलं.

नवरदेवाने दोन्ही अंगात घातले, तर शर्टाचा कफ गायबच.

"दादा, कोटाबाहेर अर्धा इंच कफ दिसायला हवा ना?" बहिणीने थोरल्याला विचारलं.

"त्याचा शर्टच आखूड आहे."

तिने मुलाला कोट उतरवायला लावला. कफ अंगठ्याच्या मुळाशी नेमका टेकला होता. शिंप्याचीच लेक ती, काय ते समजली.

"बाही तुझी लांब आहे, दादा. आणि तुझं माप कधी चुकत नाही."

थोरल्याने कोट घेतला. लग्नाच्या सकाळी परत आणला, तेव्हा कफ चांगला दीड इंच बाहेर आला. जणू पोराने शाळेतला कोट चढवलाय. बाही पुन्हा वाढवता येऊ नये म्हणून आत दुमडायचं जादा कापडही त्याने कापून टाकलं होतं.

"दिसायला हवा होता ना? आता दिसू दे."

भाचा नुसत्या शर्टावर लग्नाला उभा राहिला.

"बरं झालं," धाकटा हसत तिच्या कानाशी लागला, "माझं काम तरी चारचौघांना दिसलं."

ते हसणं तिला कोटापेक्षा जास्त लागलं. ती पाहुण्यांकडे वळली.