साडेआठ वाजताचं ऊन

मार्च २००७मधल्या त्या रविवारी अमेरिकेतल्या श्रूजबरीत सगळी घड्याळं एक तास पुढे गेली. दरवर्षी हे एप्रिलात व्हायचं, यंदा सरकारला लवकर सुचलं. गिरीश ओव्हनच्या घड्याळाशी झटापट करत होता आणि त्याची पद्मजाआत्या शेजारी बसून चहा पीत होती. फोन वाजला. गिरीशनं ऐकलं, "हो काका," म्हटलं आणि पडल्या चेहऱ्यानं रिसीव्हर ठेवला.

"त्र्यंबककाकांचा होता. शिवांगीच्या पत्रिकेत अष्टमात मंगळ आहे, म्हणजे जोडीदाराच्या जिवाला धोका, सो लग्न कॅन्सल म्हणतायत. निमिष बापाच्या शब्दाबाहेर जायचा नाही गं."

पद्मजानं कप खाली ठेवला. 'अष्टमात मंगळ.' हेच दोन शब्द अडतीस वर्षांपूर्वी याच माणसानं नागपूरला तिच्या वडिलांना ऐकवले होते. त्याच्याशीच तिचं ठरलं होतं, साखरपुड्याची साडी घेऊन झाली होती, आचारी ठरला होता. तिला तो आवडला होता, हेही सांगून टाकावं, उगाच झाकून काय ठेवायचं! पुढे ही गोष्ट गावभर झाली आणि पद्मजाला पाहायला कुणी फिरकलं नाही. धाकट्या भावाची पोर, शिवांगी, तिनंच अंगाखांद्यावर वाढवली. आता त्या पोरीच्याही ताटात तीच माती कालवायला हा बसला होता.

"गाडी काढ," ती म्हणाली. "आणि माझी पत्रिका वरच्या बॅगेत आहे, ती आण."

गिरीश बघतच राहिला. पत्रिकेच्या नावानं बोटं मोडणारी आत्या स्वतःची पत्रिका विमानातून बरोबर घेऊन आली होती, आणि त्याला याचा पत्ता नव्हता. कशासाठी आणली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्र्यंबक याच गावात राहतो हे कळल्यापासून ती संधीच शोधत होती.

पद्मजानं उभी नोकरी हवामानखात्यात काढली. तिथं जुन्या नोंदी नीट लावताना एकदा तिला दिसलं, की काही गावांचं सकाळी आठचं तापमान सप्टेंबर १९४२पासून एकाएकी उतरलंय आणि ऑक्टोबर १९४५च्या मध्याला पुन्हा जागेवर आलंय. तीन वर्षं काय हिमालय खाली सरकला होता? शोधलं तेव्हा उलगडा झाला. महायुद्धात सरकारनं हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे नेली होती. ज्या गावांनी ती पाळली, त्यांचे आठ म्हणजे खरे सात. जी गावं जुन्याच वेळेवर राहिली, त्यांचे आठ म्हणजे आठच. नोंदीत मात्र दोन्हीकडे नुसते 'आठ'. गावागावाचा हा तासाभराचा घोळ निस्तरता निस्तरता एका दुपारी तिला स्वतःची जन्मतारीख आठवली, आणि हातातलं काम टाकून ती पत्रिका शोधायला घरी गेली. तेव्हा ती पस्तिशीला आली होती. त्र्यंबक कधीच अमेरिकेला गेला होता.

त्र्यंबक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. गावातली मराठी मंडळी त्याच्याकडे आधी छातीसाठी जायची, आता पत्रिकेसाठी जात. दारात पद्मजाला पाहून तो गोरामोरा झाला, पण लगेच सावरला.

"पद्मजाबाई, तुमच्या भाचीबद्दल पर्सनल काही नाही हो. पण शास्त्रापुढे इलाज नाही."

"शास्त्रच बघायला आलेय. तुमचा कॉम्प्युटर लावा, आणि त्यात ही पत्रिका घाला."

कागदावर होतं, नागपूर, ऑगस्ट १९४५, सकाळी अकरा. त्र्यंबकनं आकडे भरले. तूळ लग्न, वृषभेत मंगळ.

"अष्टमात," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काय खोटं बोललो होतो?"

"आता त्या टाइमझोनच्या चौकटीत साडेपाच आहेत, तिथं साडेसहा करा. ते अकरा युद्धातल्या घड्याळाचे आहेत. सूर्य सरकारचा हुकूम ऐकत नाही डॉक्टर, तेव्हा आकाशात दहाच वाजले होते."

त्यानं आकडा बदलला. लग्न तुळेवरून कन्येवर आलं आणि मंगळ नवव्या घरात जाऊन बसला. त्र्यंबक पडद्याकडे पाहत राहिला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

"सॉरी," तो म्हणाला. "हे माहीतच नव्हतं, ऑनेस्टली. त्या वेळच्या गुरुजींनाही नसेल. पण शिवांगीच्या जन्माला कुठलं युद्ध नव्हतं. तिची वेळ बरोबर आहे."

"आहे ना. म्हणून तर आता तुमची काढा."

"माझी?" तो जरा खुलला. आपली पत्रिका दाखवायला तो एका पायावर तयार असे. "मेष लग्न, सहाव्यात मंगळ. शत्रू औषधालाही उरत नाही! लंडन, सप्टेंबर चव्वेचाळीस, संध्याकाळी साडेआठ. वडील तिकडे हॉस्पिटलात नोकरीला होते. आई नेहमी सांगायची, मी झालो तेव्हा खिडकीतून पाळण्यावर ऊन आलं होतं."

"साडेआठ वाजता? सप्टेंबरात?"

"तिकडं उन्हाळा लांबतो हो."

"इतका? हे बघा पडद्यावर, तुमच्या पत्रिकेत सूर्य पाचव्या घरात आहे. म्हणजे क्षितिजाखाली, काळोख पडलेला. आई खोटं बोलत होत्या की पत्रिका?"

गिरीश भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे येऊन पडद्यात डोकावला.

"युद्धात इंग्रजांनी घड्याळं हिवाळ्यातही एक तास पुढेच ठेवली," पद्मजा सावकाश बोलत होती. इतकी वर्षं मुरवलेलं ती थोडंच घाईनं वाढणार होती! "आणि उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास चढवला. संध्याकाळी उजेड राहावा, दिवे कमी जळावेत म्हणून. दुहेरी उन्हाळी वेळ. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती होती. तुमचे साडेआठ म्हणजे आकाशाचे साडेसहा. सूर्य मावळायला टेकलेला, पण वर. टाइमझोनच्या चौकटीत शून्याच्या जागी आधी एक घाला."

त्यानं एक घातला. मीन लग्न, मंगळ सातव्यात.

"आता दोन."

त्याचा हात पुढे होईना. पद्मजानं स्वतः कळ दाबली. कुंभ लग्न आलं. सूर्य सातव्या घरात, मावळतीला, आईनं सांगितला तिथं. आणि मंगळ आठव्यात.

त्र्यंबकची नजर समोरच्या फोटोकडे गेली. त्याची बायको लतिका, निमिष तीन वर्षांचा असताना गेली होती. तिची पत्रिका त्यानं स्वतः जुळवून घेतली होती, बिनमंगळाची.

"लतिका..." तो एवढंच म्हणाला.

पद्मजाला दया आली का? नाही आली. उलट आत कुठंतरी गार वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"आता तुम्हीच सांगा. हे शास्त्र खरं असेल, तर मंगळ तुमचा होता आणि लतिकाबाई तुमच्यामुळे गेल्या. मुलाला बोलवा, त्याच्यासमोर सांगा. आणि शिवांगीला खुशाल नकार द्या, मी एक शब्द बोलणार नाही. खोटं असेल, तर तेही तुमच्या तोंडानं ऐकायचंय."

अखेर त्र्यंबकनं फोटोवरची नजर काढली आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "तिला कॅन्सर होता. मी डॉक्टर आहे, मला माहीत नाही का! सगळं खोटं आहे. गिरीश, शिवांगीला कळव, माझी काही हरकत नाही."

गिरीश फोन करायला बाहेर धावला. त्र्यंबकनं डोळे पुसले, आणि मग एकदम थांबून पद्मजाकडे पाहिलं. कुठं येऊन पोचलो ते त्याला आत्ता कळलं होतं.

"म्हणजे तेव्हा... तुम्हाला मी..."

"हो," पद्मजा उठत म्हणाली. "उगीच नाकारलंत."