दहा अक्षरं

कोडी सोडवायची स्पर्धा सकाळी दहाला सुरू झाली तेव्हा हॉलमध्ये एकतीस टीम होत्या आणि बसायला खुर्च्या त्याहून कमी. संगणक-सुरक्षेच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा हा शेवटचा दिवस. पहिल्या दहा टीमना एका कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणार होते. बाकीच्यांना प्रमाणपत्र मिळणार होतं.

ताई आणि भाऊ खिडकीजवळच्या टेबलावर बसले. नात्याने ते कोणीच नव्हते. ती चव्वेचाळीस वर्षांची, एकोणीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होती. ते बंद पडलं तेव्हा तिच्या हातात लाल पेन आणि कामावरून कमी केल्याचं एक पत्र राहिलं. तो रुग्णवाहिका चालवायचा, पाठीच्या दुखण्याने गाडी सुटली. वर्गात बाकीची सगळी पंचविशीच्या आतली, म्हणून हे दोघं आपोआप एका बाकावर आले आणि तिथेच राहिले. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊ. दोघांच्याही घरी या दहा जागांवर डोळे लावून माणसं बसली होती.

गुप्तलेखनाची कोडी ताईची, बाकीची भाऊची, असं त्यांनी आधीच वाटून घेतलं होतं. पहिलं कोडं सोपं होतं. अक्षरं तेरा घरं पुढे सरकवलेली, ती परत सरकवली की झालं. दुसरं एक्सॉरचं, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या आकड्यात, बाइटमध्ये, एक गुप्त किल्ली मिसळलेली. पडद्यावर नुसते आकडे आणि अक्षरं: 24 2e 23 25 39 आणि पुढे बरंच काही.

"हे तर मोबाइलचं बिल दिसतंय," भाऊ म्हणाला.

"थांबा. उत्तर flag आणि महिरपी कंसाने सुरू होतं, हे आपल्याला माहीत आहे ना? एक्सॉरचा गुण असा, की गुप्त बाइट आणि मूळ अक्षर माहीत असलं तर दोघांचं एक्सॉर करून किल्ली हाती येते. संगणकाच्या आकड्यांत f म्हणजे 66. 66 आणि 24 चं एक्सॉर 42." तिने पेन्सिल कागदावर टेकवली. "आता पडताळू. l म्हणजे 6c. 6c आणि 2e, पुन्हा 42. म्हणजे एकाच बाइटची किल्ली सगळीकडे लावलीय."

भाऊने दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, सगळे बाइट 42 शी एक्सॉर केले, आणि वाक्य उलगडून समोर आलं. त्याने टेबलावर हलकेच थाप मारली. "ताई, तुम्ही नसता तर मी अजून बिल भरत बसलो असतो."

दोन वाजेपर्यंत ते नवव्या क्रमांकावर होते. फळ्यावरच्या पडद्यावर यादी दर मिनिटाला हलायची. भाऊने डबा उघडला, तर तिने नको म्हटलं, मग दोन घास खाल्ले.

त्यानंतर शेवटचं गुप्तलेखन उघडलं. शंभर गुणांचं. एवढंच होतं:

QMX_BKW_JBPW

खाली लिहिलं होतं की प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं एक ठरावीक अक्षर आहे, उत्तर इंग्रजीत आहे, आणि उत्तर द्यायच्या तीनच संधी आहेत. वीस गुण खर्च केले तर इशारा मिळेल.

"घ्यायचा का?" ताईने विचारलं.

"तुमचं काम, तुम्ही ठरवा."

तिने घेतला. इशारा आला: अक्षरं मोजा, सगळ्यात जास्त येणारं अक्षर पकडा.

तिने मोजली. B दोनदा, W दोनदा, बाकीची सहा अक्षरं एकेकदा. एकूण दहा. वर्गात शिकवलं होतं की इंग्रजीत e सर्वात जास्त येतं, पण ते लांब मजकुरात. इथे दोन अक्षरं बरोबरीत आणि सहा एकसारखी. तरी इशाऱ्याचे गुण खर्चून झालेत, तेव्हा इशारा मानायचा. W म्हणजे e असं धरलं. मग मधला शब्द तीन अक्षरी, शेवटी e, पहिलं अक्षर शेवटच्या शब्दात पुन्हा येणारं. one बसत होतं. मग शेवटचा शब्द: काहीतरी, o, काहीतरी, e. love बसला. पहिल्या शब्दात वेगळी तीन अक्षरं हवीत, his बसला. his one love. त्याचं एकमेव प्रेम. तिने तपासलं, एक अक्षरही दोन जागी वेगळं वागत नव्हतं.

तिने उत्तर दिलं. पडदा लाल झाला.

"चुकलं? बसतं तर सगळं," भाऊ म्हणाला.

"बसतं. म्हणूनच भीती वाटतेय." तिने दुसरं शोधलं. but one home, पण एकच घर. हेही अक्षर न् अक्षर बसत होतं. दुसरी संधी गेली. पडदा पुन्हा लाल.

आता तिच्या लक्षात आलं की तिने e ला घट्ट धरलं तेच चुकलं. तीन अक्षरी पहिला शब्द the असेल, इंग्रजीतला सगळ्यात साधा. मग e तिथेच खर्च झाला, W काहीतरी वेगळं. W म्हणजे d धरलं तर मधला शब्द old. शेवटचा शब्द: काहीतरी, o, काहीतरी, d.

"the old road," भाऊ म्हणाला. "जुना रस्ता."

"the old word पण आहे," ताई म्हणाली. "जुना शब्द. किंवा ford, नदीचा उतार. हे सगळे बसतात."

"मग कोणता?"

ती कागदाकडे बघत राहिली. J आणि P एकेकदाच आलेले, त्यांची मोजणी काही सांगत नव्हती. r आणि a असोत की w आणि r, चित्र तेच. तिने जन्मभर अक्षरं तपासली होती, आणि आता दोन अक्षरांपुढे तिने हात टेकले. स्पर्धा गुप्तलेखनाची, तेव्हा देणाऱ्याच्या मनात शब्दच असणार, असं तिने मनाशी धरलं.

"रस्ता टाका ताई," भाऊ हळूच म्हणाला. "सहज सुचतं तेच लिहितात लोक."

"मला शब्द वाटतो."

त्याने हरकत घेतली नाही. तिने word टाकला. पडदा लाल झाला आणि कोडं बंद झालं.

चार वाजता यादी गोठली. ते अकरावे होते. दहाव्या टीमपेक्षा पंधरा गुण कमी.

लोक खुर्च्या सरकवत उठले. ताईने कागद उचलला आणि कोडी बनवणाऱ्या तरुण सरांकडे गेली. चष्मा डोक्यावर चढवून ते तारा गुंडाळत होते.

"सर, शेवटच्या कोड्याचं उत्तर काय होतं?"

"the old road. फार कमी जणांना सुटलं. सहाच टीम."

"सुटलं नाही, लागलं," ती म्हणाली आणि कागद पुढे केला. चारही वाचनं तिने एकाखाली एक लिहिली होती, प्रत्येकाखाली अक्षरांच्या जोड्या. "ही चारही बसतात. तुमच्या गुप्त मजकुरात यांच्यातला फरक सांगणारं काहीच नाही. मोजायला सांगितलंत, पण दहा अक्षरांत मोजणार काय?"

सरांनी हसून कागद घेतला. मग हसू ओसरलं. त्यांनी एकेक जोडी बोटाने तपासली, मग लॅपटॉप पुन्हा उघडून तपासली. कान लाल झाले.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "मी उत्तर आधी लिहिलं आणि मग अक्षरं बदलली. उलट बाजूने करून बघितलंच नाही. मला वाटलं, छोटं म्हणजे सोपं."

"मग आता?"

ते तिला घेऊन अभ्यासक्रमाच्या प्रमुख बाईंच्या खोलीत गेले. बाई शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या, वाईट नव्हत्या. त्यांनी यादी समोर ठेवली.

"हे कोडं रद्द केलं तर तुम्ही वर याल, बरोबर. पण त्या सहा टीमचे शंभर गुण जातील. पहिल्या दहातल्या दोन टीम त्याच जोरावर आत आहेत. त्यांनी काय पाप केलं? त्यांनी नियमातच उत्तर दिलं. तीन संधी सगळ्यांना सारख्याच होत्या."

"निदान इशाऱ्याचे वीस गुण," सर म्हणाले. "इशाराच चुकीचा होता."

बाईंनी यादी पुन्हा बघितली. "दहाव्या टीमनेही इशारा घेतलाय. परत द्यायचे तर सगळ्यांना. क्रम तोच राहील."

ताईने मनातल्या मनात बेरीज करून बघितली. बाई खरं बोलत होत्या.

"आणि अहो, यादी कंपनीकडे साडेचारला गेलीसुद्धा," बाई म्हणाल्या. "पुढच्या तुकडीला बसा म्हटलं असतं, पण पुढच्या तुकडीचं अजून काही नक्की नाही. मला खरंच वाईट वाटतंय."

ती म्हणाली, "हो." दुसरं काय म्हणणार.

बाहेर जिन्यावर भाऊ तिच्या पिशवीची राखण करत बसला होता. पाठ भिंतीला टेकवून, पाय लांब केलेले, कारण तसं बसलं तरच त्याला बरं वाटायचं.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.

"मला काय माहीत होतं? मला रस्ता आवडतो म्हणून मी रस्ता म्हटलं. तुम्हाला शब्द आवडतो. दोघंही अंदाजानेच बोललो." तो हाताने कठडा धरून उठला. "चला, बस चुकेल."

बसथांब्यावर त्याने सांगितलं, की एका गोदामात रखवालदाराची जागा आहे, बसून करायची, तो उद्या बोलून येईल. ती म्हणाली, छान. त्याची बस आधी आली.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. "किती नंबर?" त्याने विचारलं.

"अकरावा."

"अरेरे." तो पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. "हुकलंच की थोडक्यात."

तिने त्याला कागद दाखवला, समजावून सांगितलं, अक्षरं कशी बसतात ते. तो लक्ष देऊन ऐकत होता, पण मध्येच म्हणाला, "म्हणजे तू चुकलीच नव्हतीस?"

"नव्हते."

"मग?"

तिने चहा ठेवला. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, की वहिनीच्या ओळखीने औषधांच्या दुकानात मोजदाद करायला कोणी हवं आहे, विचारू का. तिने विचार म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी सरांचा संदेश आला. त्यांनी ते कोडं बदललं होतं. आता तिथे साडेतीनशे अक्षरांचा मजकूर आहे, मोजणीने सुटतो, आणि तो आधी उलट बाजूने सोडवूनही बघितला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली आभार मानले होते, आणि पुन्हा एकदा माफी मागितली होती.

ताईने तो संदेश दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये उभ्याने वाचला. मजकूर जोडलेला होता. पहिली ओळ बघताच तिचे डोळे सवयीने अक्षरं मोजू लागले. Z नऊ वेळा, H सात वेळा. e कुठे लपलाय ते तिला दिसतच होतं. तेवढ्यात पुढून कोणीतरी खोकल्याच्या औषधाच्या किती बाटल्या उरल्यात ते विचारलं. तिने फोन खिशात टाकला आणि खोकी मोजायला घेतली.