भंडारा इथंच आणा

चंपाषष्ठीला मेंढरं राखणारं कुत्रं मेंढरं कोंडायच्या वाडग्यावर न्यायचं, कपाळाला भंडारा लावायचा, पहिला घास त्यालाच घालायचा, ही आमच्या सासरची रीत. म्या रीत मोडणारी न्हाय. पण आमच्या भुंग्या पिल्लाला वाडग्यावर जाऊ देणार न्हाय म्हणलं, अन् घरात आगच लागली.

गेल्या साली त्याच वाडग्यात कुत्र्याची दोन पिल्लं रक्ताची हगवण लागून मेली. नजर लागली म्हणं. नजर कसली डोंबलाची! लोहाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरबाईनं मला नीट समजावलं होतं. रोग त्या मातीत वर्षभर दबा धरून बसतो. आईच्या दुधाची राखण अंगात असंपत्तूर सुई नीट लागू पडत न्हाय, अन् ती राखण कधी संपंल ह्याचा नेम न्हाय. म्हणून दीड महिन्यापासनं दर तीन-चार आठवड्याला सुई, चार महिने भरंपत्तूर. भुंग्याची शेवटची तेवढी राहिली होती. पिसाळण्याची सुई तिसऱ्या महिन्यात झालीय, ती वर्षाला परत. आता दर महिन्याला जंताचं औषध मीच पाजते, ते थुंकलं तर माझ्याच लुगड्यावर.

सणादिवशी धनाजी भावजी पिल्लू न्यायला आले. म्हणले, डोस तर झालाय की. मामा, म्हंजे माझे सासरे लिंबाजी, म्हणले की देवाच्या भंडाऱ्यापुढं सुई कसली. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्या उंबऱ्यात बसले, भुंग्या मांडीवर. उठा म्हणलं तरी उठले न्हाय. उठवून दाखवा म्हणलं.

मग भावजींकडं बघून म्हणलं, "गेल्या साली बी तुमी 'डोस झालाय' असंच म्हणला होता. त्यो जंताचा डोस होता, भावजी. सुई एक बी न्हवती."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. ती दोन्ही पिल्लं त्यांनीच हातानं पुरली होती. डोस म्हणलं की सगळं एकच, असं त्यांना वाटलं होतं. मला वाईट वाटलं, पण म्या शब्द मागं घेतला न्हाय.

मामांना म्हणलं, "देव वाडग्यात बांधलेला न्हाय. भंडारा इथंच आणा."

 मामांनी स्वतः उठून भंडाऱ्याचा कोटंबा आणला, अन् उंबऱ्यातच भुंग्याच्या कपाळाला भंडारा लावला. पहिला घासही त्यालाच घातला.

शेवटच्या सुईला भावजी आपण होऊन आले. भुंग्या घोंगड्यात गुंडाळलेला. लोहाऱ्याच्या स्टँडवर गावची कुत्री हिंडत होती, अन् ह्या बेट्याला खाली उतरायची लई घाई. भावजींनी त्याला छातीशी आवळून धरलं. त्यो मुतला, भावजींची पँट भिजली, तरी सोडलं न्हाय.

सुई झाली तसं म्या म्हणलं, आता भावजी, अजून दोन आठवडे दम धरा, मग न्या वाडग्यावर.

"न्हाय वैनी," ते म्हणले, "वाडगंच दुसऱ्या रानात हलवतो."