थंडीत लुडबूड

बोरगावचे जिनाप्पा चौगुले माप द्यायचे ते चढतंच. तंबाखूच्या धंद्यात हयात गेली, पण कुणा गिऱ्हाइकाने तागडीकडे दोनदा पाहिलं नाही. त्यामुळे स्वतःच्या नावाच्या पेट्यांतून द्राक्षांचा पहिला कंटेनर रॉटरडॅमला निघाला, तेव्हा थंडीही चढती द्यावी असं त्यांना वाटलं, यात नवल नव्हतं. खरेदीदाराने शून्याखाली अर्धा अंश मागितली होती. आप्पा म्हणाले, अडीच देऊ. वाट आफ्रिकेला वळसा घालून, माणसाने पदरात थोडं जास्तीचं बांधावं.

पॅकहाऊस त्यांच्या सुनेच्या, चंदनाच्या हातात होतं. तिने सांगितलं की द्राक्षं गार करायचं काम आपण इथे प्रीकूलिंगच्या खोलीत केलंय, गर शून्यावर आलाय. कंटेनरने ती थंडी फक्त राखायची. उणे अडीचवर लावलं तर थंड वारा खालच्या फरशीतून आधी ज्या पेट्यांना लागतो, त्यांचे देठ गोठतील आणि माल तिथे काळा उतरेल. आप्पांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, सून आहे म्हणून.

माल भरताना मात्र त्यांनी आपलं एक चालवून घेतलंच. पेट्या चढल्या, चंदना कागदांवर सह्या घ्यायला आत गेली, तेवढ्यात सदलग्याहून भाऊबंद आले. आप्पांनी दार उघडं ठेवून नारळ फोडला आणि सगळ्यांना दारात उभं करून फोटो काढला. एकदा नव्हे, मेहुण्याने डोळे मिटले म्हणून पुन्हा. चंदना बाहेर आली तेव्हा नारळाचं पाणी पुसणं चाललं होतं. तिने दार लावून घेतलं, सील मारलं, मशीन सुरू केलं आणि पाटीवरचा आकडा वाचला. उणे अर्धा.

जहाज सुटलं. कंपनीच्या पोर्टलवर कंटेनरचं तापमान दिसायचं, त्यामुळे आप्पांनी देवदर्शनाइतकाच फोनही नेमाने धरला. एके दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून ते ओट्यावर बसले, आणि पेट्यांतून फिरून मशीनकडे परतणाऱ्या हवेचा आकडा सात अंश. रेषा सरळ पडलेली, मध्येच उंटाच्या पाठीसारखी वर. मागे पाहिलं तर कालही दोन कुबडं.

पेट्यांवर नाव आपलं, आणि माल समुद्रात शिजतोय. त्यांनी तडक बेळगावच्या एजंटाला, स्वरूपला, फोन लावला. तो म्हणाला, मालकाची मेल आली की शिपिंग लाइनला कळवतो, जहाजावरचा माणूस आकडा बदलेल. आप्पांनी मेल लिहायला घेतली. उणे अडीच लिहून झालं, मग उणे तीन केलं.

चंदना ताटं आवरून बाहेर आली. तिने फोन मागितला, कुबडं पाहिली आणि ओट्याच्या कडेला बसली.

"आप्पा, पावसाळ्यात वखारीचं दार घडीभर उघडं राहिलं, तर पोत्यातला तंबाखू आतपर्यंत ओला होतोय व्हय?"

"खुळी का काय गं? वरचा वारा दमट हुतोय. पोत्याच्या पोटात जायाला दिवस लागत्यात."

"मग ह्यो बी वरचाच वारा हाय." गार नळ्यांवर बर्फ साचतं, ती सांगू लागली. ते वितळवायला मशीन आपणहून थांबतं, पंखा बंद करून नळ्या तापवतं. आकडा त्या तापलेल्या हवेचा. टनावारी गार द्राक्षांना एवढ्यात काही होत नाही. पंखा परत लागला की रेषा खाली.

"पर सारखं सारखं?"

"बर्फ जास्त साचलंय म्हणून. बाहेरची दमट हवा आत शिरली ना." तिने फोन परत दिला. "मामांचे डोळे मिटले हुते, तेवढा येळ."

आप्पा मेहुण्याच्या डोळ्यांविषयी काहीतरी पुटपुटले. पण त्यांचं बोट मेल पाठवायच्या बटणावरच होतं. मालक आपण, नाव आपलं, आणि सून म्हणते काही करू नका.

"आणि न्हाय उतरलं तर?"

"तर स्वरूपला मी फोन करते, मशीन बघाया माणूस जातोय. आकडा मातर बदलायचा न्हाय. बिघाड असला तर आकडा बदलून तो दुरुस्त हुत न्हाय, आणि नसला तर आपणच देठ गोठवणार."

आप्पांनी बोट उचललं. दोघं बसून राहिले. पोर्टलवर पुढची नोंद आली: शून्याच्या जरा वर. त्यानंतरची: उणे अर्धा. आप्पांनी मेल पुसली. पुढच्या दिवसांत कुबडं विरळ होत गेली, आणि ती दिसली की आप्पाच घरात सांगत, "बर्फ उतरवतंय, घाबरू नगा."

रॉटरडॅमहून तपासणीचा कागद आला. देठ हिरवे, मण्यांवरचा पांढुरका थर शाबूत, आणि पुढच्या हंगामाची मागणी. आप्पांनी तो मेहुण्याला फोनवर आधी कानडीत, मग मराठीत वाचून दाखवला. एवढ्या लांब माल टिकवायला काय केलंत, असं मेहुण्याने विचारलं.

"मधी काय बी केलं न्हाय," आप्पा म्हणाले. "लई जड गेलं बघ."