ट्रॅशमधला गीझर

दुपारी जेवणं आटोपली की अप्पा आणि माई आपल्या खोलीचं दार लोटून घेत आणि थोड्याच वेळात आतून हसण्याचे आवाज येत. चिरंजीवाला वाटायचं, दोघं टॅबलेटवर जुने विनोदी कार्यक्रम बघतात. सुट्टीच्या दिवशी दारावरून जाताना तो समाधानाने मान हलवायचा. म्हाताऱ्यांना टॅबलेट घेऊन दिल्याचं त्याच्या मते चीज झालं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्याला कळली असती तर मान हलायची थांबली असती.

अप्पांनी सारी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. लिफ्टच्या माणसाला बोलायची सवय नसते; तो एकटाच लिफ्टखालच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवर. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांच्या आणि माईंच्या लक्षात आलं की आपल्याला एकमेकांशी बोलायला विषयच उरलेला नाही. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा काहीतरी लागतंच की. "चहा ठेवू?" आणि "ठेव" यावर त्यांचा संसार चालला होता.

अशात एकदा विम्याचे कागद शोधायला अप्पांनी टॅबलेटवर 'घर' नावाचं फोल्डर उघडलं. चिरंजीवाने घरातल्या सगळ्यांसाठी एकच खातं काढून ठेवलं होतं. त्यात विजेची बिलं, पासपोर्ट, विमा असं सगळं असायचं आणि ते सगळ्यांच्या फोनवर, लॅपटॉपवर, टॅबलेटवर दिसायचं. विम्याच्या खाली 'क्लिनिक सराव' नावाचं एक फोल्डर होतं. आत आवाजाच्या फायली. एकीचं नाव 'गीझर'. अप्पांना वाटलं, दुरुस्तीवाल्याशी झालेलं बोलणं असेल. त्यांनी बोट लावलं.

आतून अप्पा बोलू लागले. आधी दोनदा खाकरून, मग, "गीझर कोणी चालू ठेवला हे मी विचारत नाही. मी फक्त म्हणतोय, की कोणीतरी ठेवला." त्यावर माईंचा आवाज, नाकातून, दुखावलेला: "मला काय कळतंय त्यातलं. मी आपली थंड पाण्याने आंघोळ करते."

दोन्ही आवाज सूनबाईचे होते.

सूनबाई म्हणजे घरातली सगळ्यांत गप्प व्यक्ती. दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना गप्प बसवायचं काम. घरी आली की हसून सगळ्यांचं ऐकायची, हो म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. ही पोर आपली इतकी हुबेहूब नक्कल करते, हे अप्पांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा पारा चढला. टॅबलेट घेऊन ते तडक माईंकडे तक्रार घेऊन गेले.

माईंनी अप्पांचा भाग ऐकला आणि पदर तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांचा स्वतःचा भाग आला तेव्हा ताठ झाल्या. "मी अशी बोलते?" त्यांनी विचारलं.

"अगदी अशीच," अप्पा म्हणाले, आणि आता हसायची पाळी त्यांची होती.

त्या दिवसापासून दुपारी दार लोटलं जाऊ लागलं. रोज एक फाईल. 'चष्मा', 'पाहुणे', 'मीठ जास्त'. ऐकून झालं की दोघं तासभर बोलत. तू खरंच असं म्हणाली होतीस, तुम्ही तर त्याहून वाईट बोलला होतात, इथून सुरू होऊन गाडी पार लग्नाआधीच्या दिवसांपर्यंत जायची. आपण ऐकतो हे सूनबाईला कळू द्यायचं नाही, हे न बोलता ठरलं. कळलं तर ती शरमेने अर्धी होईल आणि नवीन फाईल येणार नाही. यातलं कुठलं कारण मोठं, हे दोघांनी कधी तपासून बघितलं नाही.

मग एका सकाळी चहा पिता पिता चिरंजीव म्हणाला, "घरच्या खात्यातली जागा संपत आली म्हणे. कसल्या तरी आवाजाच्या फायली भरल्यात. कोण टाकतंय?"

सूनबाईच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. "क्लिनिकचं असेल माझं," ती म्हणाली. "काढते मी." तिचा फोन रेकॉर्डिंग झालं की आपोआप घरच्या खात्यात चढवतो, हे बिचारीला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला फक्त दोघांनी पाहिला, आणि त्या दोघांनी एकदम वर्तमानपत्रात डोकं घातलं. वर्तमानपत्र एकच होतं.

दुपारी टॅबलेट उघडला तर 'क्लिनिक सराव' गायब. नेट नसतानाही ऐकता याव्यात म्हणून अप्पांनी ज्या फायलींवर खूण करून ठेवली होती, त्याही गेल्या होत्या. एका मजल्यावर बटण दाबलं की सगळ्या मजल्यांवरचा दिवा विझावा, तसं झालं होतं. माई पलंगावर बसून राहिल्या. "चहा ठेवू?" त्यांनी विचारलं. ते दोन शब्द ऐकून अप्पा उठले.

त्यांनी चिरंजीवाला फोन लावला. दोनदा खाकरले. "समजा, एखादा कागद चुकून पुसला गेला..."

"ट्रॅशमध्ये बघा अप्पा. महिनाभर असतो तिथे. रिस्टोर दाबा, परत येईल."

ट्रॅशमध्ये सगळ्या फायली ओळीने पडल्या होत्या. पण तिथून त्या ऐकता येईनात. बोट लावलं की टॅबलेट म्हणे, आधी रिस्टोर करा. माई म्हणाल्या, "एकच काढा. गीझर." अप्पांनी रिस्टोर दाबलं, गीझर जागेवर आला. पुन्हा गेला तर काय, म्हणून त्यांनी त्याची एक प्रत टॅबलेटच्या स्वतःच्या डाउनलोडमध्ये उतरवून घेतली. मग दोघांनी तो लागोपाठ तीनदा ऐकला, आणि त्या आनंदात मूळ फाईल पुन्हा पुसायची राहून गेली.

अप्पांसारख्या माणसाला हे सुचायला हवं होतं. दिवा सगळ्या मजल्यांवर विझतो, तसा लागतोही सगळ्या मजल्यांवर.

सूनबाई क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंट उठला की फोन उघडून खात्री करून घेत होती. एका दाढेनंतर तिने बघितलं, तर गीझर परत आलेला. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला तिने आडून आडून विचारलं, तेव्हा कळलं की पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. ट्रॅश रिकामा करावा लागतो आणि जिथे जिथे खातं जोडलंय तिथे तिथे जाऊन बघावं लागतं. डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली.

घरी येऊन ती सरळ अप्पांच्या खोलीत आली. "अप्पा, टॅबलेट जरा देता? घरच्या फोल्डरमधला पसारा काढते."

अप्पांनी दिला. दुसरं काय करणार? ती पलंगाच्या कडेला बसली आणि अप्पा तिचं काम बघत राहिले. मनातल्या मनात त्यांना तिचं कौतुकच वाटलं. हाताखाली असा माणूस मिळाला असता तर त्यांनी त्याला सोडला नसता. तिने गीझर पुसला. ट्रॅश उघडला, सगळं निवडलं. 'कायमचं काढायचं? नंतर परत आणता येणार नाही,' टॅबलेटने विचारलं. तिने हो दाबलं. फोन काढला, तिथेही काही नाही ना ते पाहिलं, रेकॉर्डरमधल्या मूळ फायलीही उडवल्या. मग चिरंजीवाचा लॅपटॉप आणला. तो दोन दिवस बंद होता, म्हणजे फायली पुसल्याचं त्या लॅपटॉपला अजून कळलेलंच नव्हतं. तो नेटला जोडला, खातं जुळून बरोबरची खूण येईपर्यंत थांबली, फोल्डर गेलेलं पाहिलं आणि लॅपटॉपची स्वतःची कचरापेटीही रिकामी केली.

मग तिने मोठा श्वास सोडला. "सुटले."

"महत्त्वाचं होतं काही?" माईंनी दारातून विचारलं. माईंना अभिनय जमत नाही, पण सूनबाई आज त्यांच्याकडे बघत नव्हती.

"नाही हो. काही गोष्टी आपल्यापुरत्या असतात ना. कोणी ऐकल्या असत्या तर मला या घरात तोंड दाखवता आलं नसतं."

अप्पांनी टॅबलेटकडे पाहिलं. डाउनलोडमध्ये एक गीझर शिल्लक होता. खात्यातून कितीही पुसलं तरी त्याला धक्का लागणार नव्हता, आणि तिथे बघायचं सूनबाईला सुचलं नव्हतं. माईंनी मागून डोळे वटारले. त्या वटारण्याचा अर्थ स्पष्ट होता: गप्प बसा. गप्प बसणं हे तर अप्पांचं जन्माचं काम. पण ही पोर आता घरभर निर्धास्त वावरणार, आणि आपण दुपारी दार लोटून तिला ऐकत बसणार. त्यांना ते सोसवेना.

ते दोनदा खाकरले. सूनबाई दचकली.

"एक राहिलीय," अप्पा म्हणाले. "डाउनलोडमध्ये. ती खात्यातून जायची नाही. ती इथेच, हाताने पुसावी लागेल."

तिने उघडून पाहिलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "कोणी ऐकलं?"

"मी."

"आणि मी," माई म्हणाल्या. मघाचं डोळे वटारणं विसरून त्या आत येऊन बसल्या होत्या. "सगळ्या ऐकल्यात. चष्मा तर कितीदा."

"राग नाही आला?"

"आला होता," अप्पा म्हणाले. "पहिल्या दिवशी फार आला. मग हिच्याशी बोलायला विषय मिळाला." त्यांनी माईंकडे पाहिलं. "सकाळपासून नव्हता."

सूनबाईने डोळे पुसले. "मी पार्किंगमध्ये गाडीत बसून करायचे. घरी येण्याआधी. एकदा करून टाकलं की वर येताना मन मोकळं असायचं. तुमच्यावर राग नव्हता अप्पा. म्हणजे, थोडा असायचा."

"असणारच," माई म्हणाल्या. "त्याशिवाय इतकं बारीक ऐकेल कोण?"

सूनबाईने शेवटच्या गीझरवर बोट ठेवलं, त्या दोघांकडे एकदा पाहिलं आणि पुसून टाकला. तिला ते करायचंच होतं आणि अप्पांनी टॅबलेट तिच्या हातून काढून घेतला नाही. आता कुठल्याच यंत्रात काही उरलेलं नव्हतं.

"मग आता दुपारी आम्ही करायचं काय?" माईंनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात, खरोखरचा प्रश्न होता.

सूनबाई उठली. अप्पांना वाटलं, चालली भाजी चिरायला. पण तिने जाऊन दार आतून लोटलं आणि परत येऊन पलंगावर मांडी घालून त्या दोघांसमोर बसली.

"कोणापासून सुरू करू?" तिने विचारलं.

अप्पांनी माईंकडे बोट दाखवलं आणि माईंनी अप्पांकडे.