त्रेचाळीस कोटींत एक पत्ता

सोमवारी सकाळी साडेनऊला आमचा सर्व्हर बसला आणि दहा मिनिटांत माझा फोन तापला. आमची कंपनी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं काम बघते. लोक मोबाइलवर डॉक्टर निवडतात, वेळ घेतात. त्या सकाळी मात्र पान उघडतच नव्हतं, आणि नेटवर्क माझ्याकडे असल्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला येत होत्या.

चीड आणणारी गोष्ट ही, की सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. मेमरी शिल्लक, लाइन जवळजवळ मोकळी, सगळं कसं निवांत. फक्त नवीन माणसाला तो आत घेत नव्हता. घोडं कुठे पेंड खातंय ते मला तासभर कळेना. शेवटी लाज गुंडाळून मी मास्तरांना फोन लावला.

मास्तर म्हणजे माझे आधीचे वरिष्ठ. कोणालाही, काहीही, फळ्यावर आकृती काढून समजावायची सवय, म्हणून मास्तर. दोन महिन्यांपूर्वी साहेबांशी कडाक्याचं भांडण करून ते नोकरी सोडून गेले होते. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एक दिवस हे सगळं कोसळेल. तेव्हा मला हाक मारू नका." मी हाक मारली, आणि त्यांनी पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"अर्धवट जोडण्यांचा तक्ता बघ," ते म्हणाले.

"गच्च भरलाय."

"सिन फ्लड आहे. सिन कुकी चालू आहेत ना?"

सिन फ्लड म्हणजे अर्धवट जोडण्यांचा पूर सोडून केलेला हल्ला, आणि सिन कुकी ही त्यावरची ढाल. बघितलं, तर बंद होत्या. दीड वर्षापूर्वी कुठल्याशा चाचणीसाठी बंद केल्या होत्या आणि पुन्हा चालू करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एक ओळ टाइप केली. पाच मिनिटांत पानं उघडायला लागली. हल्ला मात्र पुढे दीड-दोन तास चालूच होता, पण आता त्याचा आम्हाला त्रास नव्हता. सकाळी गडबड सुरू होताच येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे संदेशाचा एकेक तुकडा, मी फाइलीत साठवायला लावलं होतं. साडेबाराला हल्ला थांबला. तीन तासांत त्रेचाळीस कोटी, असा अंदाज निघाला.

इथपर्यंत माझी कहाणी सांगण्यासारखी आहे. पुढची नाही.

इलाज मास्तरांनी सांगितला हे कळल्यावर दीडला साहेबांनी बोलावलं. "त्याला फोनवर एका मिनिटात इलाज कसा सुचला?" मी म्हटलं, त्यांना येतं म्हणून सुचला. साहेबांना ते पटलं नाही. "त्याच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता आपल्याकडे आहे ना? घरून काम करायचा तेव्हाचा? शोध त्या फाइलीत."

मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, डोकं भणभणत होतं आणि हे काम लवकर उरकायचं होतं. शोधला. ज्या साहेबांसमोर मी एरवी दोनदा तपासल्याशिवाय तोंड उघडत नाही, त्यांना मी एका शब्दात उत्तर दिलं.

"सापडला."

संध्याकाळी सहाला ऑफिस रिकामं झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी फाइल पुन्हा उघडली. मास्तरांचा पत्ता त्यात किती वेळा होता? एकदा. त्रेचाळीस कोटी पॅकेटांत एक. मग मी माझ्या घरचा पत्ता टाकला. तोही सापडला. एकदा.

हल्ला मी तर केला नव्हता, मग मास्तरांच्या पत्त्यावरूनही काहीच सिद्ध होत नव्हतं. मला त्याच क्षणी साहेबांना फोन करायला हवा होता. नाही केला. आपण किती मोठा गाढवपणा केला हे आपल्याच तोंडाने सांगायला मन धजेना. उद्या सांगू म्हटलं. मंगळवारी साहेब दिवसभर बाहेर होते, आणि मला मनातून बरंच वाटलं. मी मूग गिळून बसले.

बुधवारी अकराला मीटिंग होती. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि कंपनीच्या वकीलबाई. बाईंसमोर पोलिसांत द्यायची तक्रार टाइप होऊन पडली होती, फक्त सही बाकी. समोर मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून. गुरुवारपासून ते तंत्रनिकेतनात शिकवायला लागणार होते. गेली वीस वर्षं त्यांना तेच करायचं होतं. तक्रार गेली की ती नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"तुमचा पत्ता हल्ल्यात आहे," साहेब म्हणाले. "हिनेच शोधलाय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. एखाद्या हुशार मुलीचा पेपर कोरा यावा तसं पाहिलं.

"साहेब," मी म्हणाले, "सही करण्याआधी मला दहा मिनिटं द्या." मी उठून फळ्याजवळ गेले.

"फोन आणि सर्व्हर बोलायला लागण्याआधी तीन पायऱ्या होतात. पहिली, सिन. फोन म्हणतो, मला बोलायचंय, माझा आकडा शंभर. दुसरी, सिन-ॲक. सर्व्हर म्हणतो, शंभर पोचला, आता एकशे एकची वाट बघतो, आणि माझा आकडा सातशे. तिसरी, ॲक. फोन म्हणतो, सातशे पोचला, पुढचा सातशे एक. झाली जोडणी. हे आकडे आपले सोयीचे. खरे खूप मोठे असतात, आणि सर्व्हरचा आकडा बाहेरच्याला ओळखता येत नाही."

"बरं, मग?" साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"दुसऱ्या पायरीनंतर सर्व्हर तिसरीची वाट बघतो. तोवर तक्त्यात एक ओळ अडवून ठेवतो. उत्तर आलं नाही तर तेच पुन्हा पाठवतो, पुन्हा वाट बघतो. मिनिटभर तरी ती ओळ सुटत नाही. हल्ला करणारा याचाच फायदा घेतो. तो फक्त पहिली पायरी पाठवतो, सेकंदाला चाळीस हजार. तिसरी कधीच नाही. तक्ता भरला की खरा पेशंट दारातच राहतो."

"म्हणजे बुकिंग करायचं आणि यायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. आणि बुकिंग दुसऱ्याच्या नावाने." मी फळ्याकडे वळले. "पहिल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पण तो पाठवणाराच लिहितो. वाटेल तो लिहिता येतो. सर्व्हरचं उत्तर मग त्या भलत्याच पत्त्यावर जातं. हल्लेखोराला ते नकोच असतं. ज्याला उत्तर मिळालं, तोच सातशे एक म्हणू शकतो. म्हणून तिसरी पायरी झाली, तरच तो माणूस खरंच त्या पत्त्यावर आहे असं धरता येतं. सिन कुकीही यावरच चालते. सर्व्हर ओळ अडवतच नाही, आपला आकडाच गुप्त हिशेबाने काढतो, आणि तिसरं पॅकेट आलं की त्यावरून हिशेब पडताळतो. मास्तरांच्या पत्त्यावरून तिसरं पॅकेट आलेलं नाही."

"नसेल आलं," साहेब म्हणाले. "स्वतःच्या घरून पहिलं पाठवलं आणि पुढे गप्प बसला. असं होऊ शकत नाही?"

होऊ शकतं. साहेब हट्टी आहेत, पण मठ्ठ नाहीत. आता पुढचं बोलायला हवं होतं, आणि मी फळा पुसत राहिले.

मास्तरच बोलले, इतक्या वेळात पहिल्यांदा. "किती पत्ते शोधलेस?"

"सोमवारी दुपारी? एक. तुमचा."

"आणि त्यात किती वेळा होता?"

"एकदा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदा? त्रेचाळीस कोटींत? हे तुम्ही साहेबांना सांगितलं होतं?"

"नाही."

मी लॅपटॉप पडद्याला जोडला. "घरून काम केलेल्या आपल्या सगळ्यांचे पत्ते नोंदीत आहेत. दोनशे बारा. आता सगळे शोधते." मी बटण दाबलं. फाइल अवाढव्य होती. आम्ही चौघं त्या रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो.

यादी उतरली. चोवीस नावं. बहुतेकांपुढे आकडा एक, दोघांपुढे दोन. हिशेब विभागातल्या ताई. रिसेप्शनवरची मुलगी. एक तर बाळंतपणाच्या रजेवर, आईकडे.

"जगात असे पत्ते साधारण पावणेचारशे कोटी," मी म्हणाले. "कोणीतरी डोळे मिटून त्रेचाळीस कोटी वेळा त्यातला कुठलातरी लिहिला. दर नवातला एक लागणारच. ज्याचा शोधाल त्याचा सापडेल असं नाही, पण सापडला तर त्यात नवल काहीच नाही. यांनी हल्ला केला की नाही, हे या पत्त्यावरून ठरूच शकत नाही. ज्याला खोटे पत्ते लिहिता येतात, तो नेमका स्वतःचा खरा कशाला लिहील?"

साहेब पडद्याजवळ गेले आणि बोटाने एकेक नाव वाचू लागले. सतराव्या नावाशी बोट थांबलं.

"ही तू आहेस."

"हो."

"आत्ता कळलं तुला?"

खोटं बोलायला एक सेकंद मिळाला होता. तो सेकंद किती लांब होता हे मी कोणाला सांगू शकणार नाही. मास्तर माझ्याकडेच बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी. सहा वाजता."

वकीलबाईंनी तक्रारीचा कागद साहेबांना न विचारताच उभा आडवा फाडला. साहेब बसले. कपाळ चोळत मास्तरांना म्हणाले, "माझं चुकलं. मी रीतसर पत्र देतो तुम्हाला." मग जरा थांबून, "तंत्रनिकेतनातही फोन करतो. प्राचार्य ओळखीचे आहेत. त्यांच्या कानावर मीच घातलं होतं, काल सकाळी. माणूस घेताय तर माहीत असावं म्हणून."

"कळलं मला," मास्तर म्हणाले. "काल दुपारी त्यांचा फोन आला. तास रिकामे ठेवता येत नाहीत म्हणाले. दुसऱ्याला घेतलंय."

साहेबांनी तरीही फोन उचलला आणि बोलत बोलत बाहेर गेले. काचेपलीकडे ते येरझारा घालत होते, हातवारे करत होते. थोड्या वेळाने नुसतेच ऐकत राहिले. मग फोन खिशात घातला आणि आत न येता तिथेच उभे राहिले.

मास्तर उठले. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "मास्तर, मी चुकले. मी घाबरले होते."

"फळ्यावर नीट सांगितलंस," ते म्हणाले. "मी असतो तरी असंच सांगितलं असतं." आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सोमवारी संध्याकाळी मी घरीच होतो गं. फोनही चालू होता."

ते लिफ्टकडे गेले. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क नव्हता. प्राचार्यांचा फोन काल दुपारी आला. काल दुपारी मी कँटीनमध्ये होते. सगळं माहीत असताना, पोटभर जेवत होते.